लिफ्टमधली ओळख आणि जेवणाचं टेबल: नाशिकच्या एका को-वर्किंगमधलं प्रकरण

कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीतली एक को-वर्किंग जागा मी सांभाळते. खालच्या मजल्यावर महिन्याच्या भाड्याने टेबल घेणारे मेंबर बसतात. त्यात रिमोट नोकरीवाले आहेत, आर्किटेक्ट आहेत, एक वकील आणि एक सीए आहेत. वरच्या मजल्यावर इन्क्युबेशनची बॅच असते, म्हणजे नवा उद्योग उभा करू पाहणाऱ्या, शेती आणि अन्नप्रक्रियेवर काम करणाऱ्या लहान टीम. पॅन्ट्री दोन्ही मजल्यांची एकच. हे प्रकरण खालच्या मजल्यावरच्या एका मेंबरचं आहे. तिला विचारूनच लिहिते आहे, नावं मात्र कुणाचीच घेत नाही.

ती मूळची नांदेडची. पुण्याच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर. नवऱ्याची बदली अंबड एमआयडीसीतल्या कारखान्यात झाली म्हणून हिवाळ्यात दोघं नाशिकला आली आणि मखमलाबाद रोडला फ्लॅट घेऊन राहू लागली. नोकरी घरून करायची मुभा होती, पण दिवसभर घरात एकटीने बसणं तिला झेपेना. म्हणून तिने आमच्याकडे हॉट डेस्क घेतला. म्हणजे ठरावीक टेबल नाही, रिकामं दिसेल तिथे बसायचं. मे महिन्यात मेंबरशिप पुढे चालू ठेवायची का हे विचारायला मी गेले तेव्हा ती म्हणाली, "ताई, लोक खरंच चांगले आहेत. रोज सगळे हसतात, विचारतात. पण उद्या मी आले नाही तर कुणाच्या लक्षात येईल असं वाटत नाही. सोसायटीतही तेच, लिफ्टमध्ये नमस्कार आणि मजला आला की संपलं."

ही तक्रार आमच्या धंद्यात नेहमी ऐकू येते आणि तिच्यावर एक ठरलेलं उत्तर असतं: नेटवर्किंगची संध्याकाळ. तीही झाली होती. वरच्या बॅचने ठेवलेल्या एका संध्याकाळी ती गेली होती, गळ्यात नावाची चिठ्ठी, हातात समोसा. पंधरा-वीस जणांशी प्रत्येकी दोन-तीन मिनिटं बोलणं झालं आणि दुसऱ्या दिवशी त्यातल्या प्रत्येकाशी पुन्हा "हाय"वरच गाडी आली. हे असंच होणार. अशा कार्यक्रमात एका संध्याकाळी खूप माणसं भेटतात, आणि तिला हवी होती थोडीच माणसं, पण पुन्हा पुन्हा भेटणारी.

म्हणून मी आधी तिचा दिवस नीट पाहिला. तिची शिफ्ट अकरा ते आठ. आमच्याकडचा चहा पावणेअकराला होतो, ती येईपर्यंत कप धुऊन झालेले. हॉट डेस्क असल्यामुळे ती रोज चार्जिंगचा पॉइंट जवळ असलेलं कोपऱ्यातलं टेबल शोधायची, भिंतीकडे तोंड, कानाला हेडफोन. दीडला पुण्याच्या टीमचा कॉल, त्यामुळे डबा अडीचला, तोही टेबलावरच. आमचं जेवणाचं टेबल सव्वाएक ते दोन भरलेलं असतं. म्हणजे दिवसभरात माणसांशी तिची गाठ पडत होती ती फक्त पाण्याची बाटली भरताना, अर्धं मिनिट. तेवढ्या वेळात "जेवलात का?" "हो, तुमचं?" याच्यापुढे काही मावतच नाही. ती अबोल आहे असं तिलाच वाटू लागलं होतं. तिच्या दिवसात बोलण्यासाठी जागाच नव्हती, हे खरं कारण.

एमआयटीतले थॉमस अ‍ॅलन यांनी 1970 च्या दशकात इंजिनिअर लोकांचा अभ्यास करून दाखवलं होतं की दोन माणसांच्या टेबलांमधलं अंतर वाढेल तसं त्यांचं बोलणं झपाट्याने घटतं, आणि साधारण पन्नास मीटरच्या पुढे ते जवळपास उरतच नाही. आमची जागा लहान, पन्नास मीटर अंतर तिथे नाहीच. पण कोपरा, भिंतीकडे तोंड आणि रोज नवीन टेबल यांनी तेच होतं. कोण कुठे बसेल हे ठरलेलं नसलं की शेजार तयारच होत नाही.

दुसरा अभ्यास मला जास्त महत्त्वाचा वाटतो. कॅन्सस विद्यापीठातले जेफ्री हॉल यांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात नुकतंच गाव बदललेल्या प्रौढांना आणि नव्या विद्यार्थ्यांना विचारून एक अंदाज काढला. नुसत्या ओळखीतून साध्या मैत्रीपर्यंत यायला साधारण 50 तासांचा सहवास लागतो, चांगली मैत्री व्हायला 90 च्या आसपास, आणि जिवलग होण्यासाठी 200 च्या वर. आकडे अमेरिकेतले आहेत, नाशिकला ते जसेच्या तसे लावायचे नाहीत. पण त्याच अभ्यासात एक बारीक गोष्ट आहे: नुसतं शेजारी बसून काम करण्यात गेलेले तास या हिशेबात फारसे धरता येत नाहीत. मैत्री वाढते ती एकत्र जेवण्यात, गप्पांमध्ये, भटकण्यात गेलेल्या वेळाने. आमच्या मेंबरने मेपर्यंत या जागेत कितीतरी तास काढले होते. त्यातले हिशेबात धरण्यासारखे तास जवळपास शून्य होते.

मग तीन बदल केले. हॉट डेस्कऐवजी तिला कायमचं टेबल दिलं, पॅन्ट्रीकडे जाणाऱ्या बोळाच्या तोंडाशी. भाडं थोडं जास्त आहे, पण येणारा-जाणारा प्रत्येकजण तिथून जातो आणि बसणाऱ्याचं तोंड माणसांकडे असतं. दुसरं म्हणजे दीडचा कॉल तिने टीमशी बोलून सव्वादोनला नेला. त्यासाठी तिला कारण काय द्यायचं हा प्रश्न पडला होता. मी म्हटलं, "जेवणाची वेळ आहे, हेच सांग ना." टीम लीडने एका ओळीत हो म्हटलं. आणि तिसरा बदल हेडफोनचा. कॉल नसताना एक कान मोकळा ठेवायचा, एवढंच. हे सुचवताना मला जरा संकोच वाटला होता, कारण अनेकांसाठी हेडफोन हीच शांतता असते आणि ती हवीच. पण तिला शांतता नको होती.

एवढ्याने बोलणं सुरू झालं, वाढलं नाही. पहिले दोन आठवडे जेवणाच्या टेबलावर ती ऐकत बसायची. वरच्या बॅचची मुलं आपापसात बोलतात ते सगळं कामाचं, आणि बाकीचे जुने मेंबर एकमेकांच्या घरच्या गोष्टींवर. दोन्हीत नव्या माणसाला शिरायला दार नसतं. ते दार वरच्या मजल्यानेच उघडून दिलं.

नाशिकच्या इन्क्युबेटरांची एक सवय चांगली आहे. 2015 च्या सिंहस्थाआधी इथे कुंभथॉनच्या कार्यशाळा झाल्या, एमआयटी मीडिया लॅबची माणसं आणि गावातली मुलं गर्दी, आरोग्य, अन्न असे गावाचेच प्रश्न घेऊन एकत्र बसली. पुढे टीसीएस फाउंडेशनचं डिजिटल इम्पॅक्ट स्क्वेअर हे इन्क्युबेशन केंद्र याच वाटेने उभं राहिलं. तेव्हापासून इथल्या टीम आपला प्रश्न भिंतीवर लावून ठेवतात. आमच्याही वरच्या मजल्यावर प्रत्येक टीमच्या टेबलामागे एक कागद असतो: आम्ही काय करतोय, आणि सध्या कुठे अडलोय. बाहेरच्या माणसाने आत पाऊल टाकायला याच्याइतकं सोपं निमित्त मी पाहिलेलं नाही. त्या कागदांपैकी एकावर लिहिलं होतं, "अ‍ॅप वापरून चुका सांगणारं कुणी हवं आहे. अर्धा तास. चहा आमचा."

टीम निफाडकडच्या दोन चुलतभावांची. द्राक्षबागेची रोजची नोंदवही मोबाइलवर आणायची, असं त्यांचं काम. कोणत्या प्लॉटवर कोणती फवारणी कधी झाली हे निर्यातीच्या मालासाठी लिहून ठेवावंच लागतं. बागाईतदार तारखेने बोलत नाही, छाटणीपासूनच्या दिवसांनी बोलतो. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर पस्तिसावा दिवस म्हटलं की घड कुठल्या अवस्थेत असेल, डावणी या बुरशीच्या रोगाचा धोका किती, हे त्याला लगेच कळतं. अ‍ॅपही तसंच दिवस मोजायचं. आमच्या मेंबरला द्राक्षातलं काहीही कळत नव्हतं, पण चुका शोधणं हा तिचा रोजचा धंदा. तिने एका प्लॉटची छाटणीची तारीख टाकली, चार फवारण्या नोंदवल्या, मग छाटणीची तारीख चार दिवसांनी मागे नेली. नव्या नोंदी बरोबर दिवस दाखवू लागल्या, जुन्या चार मात्र आधीच्याच दिवसांवर अडकून राहिल्या. एकाच बागेत दोन हिशेब. "दादा, शेतकरी तारीख चुकून टाकतो आणि नंतर दुरुस्त करतो, असं होतं का हो कधी?" तिने विचारलं. धाकट्या भावाने डोक्याला हात लावला. "ताई, कायमच होतं. आमच्या घरीच होतं."

त्या दुपारी अर्ध्या तासाचा दीड तास झाला. पण इथे दाखवण्यासारखी गोष्ट दुसऱ्या दिवशीची आहे. जेवणाच्या टेबलावर धाकटा भाऊ डबा उघडायच्या आधीच म्हणाला, "ताई, ते नीट झालं, पण आता दोन वेळा छाटणी टाकली तर काय होतंय बघा." अर्धवट राहिलेलं बोलणं दुसऱ्या दिवशी कुणीतरी पुढे चालू केलं. ओळख नमस्काराच्या पुढे सरकली की नाही हे पाहायला माझी हीच खूण आहे. कुशल विचारणं त्याच दिवशी संपतं, अडलेलं काम उद्यासाठी शिल्लक राहतं. आणि मदत कुणी मागितली हेही पाहावं. नव्या माणसाने उपयोगी पडावं एवढंच पुरत नाही, त्यानेही काहीतरी मागायला हवं, नाहीतर तो टेबलावरचा फुकटचा सल्लागार होऊन बसतो. तिने थोड्या दिवसांनी मागितलं: घरी पाण्याची टाकी गळत होती, प्लंबर मिळत नव्हता. टेबलावर एकदम तिघांनी मोबाइल काढले.

आणि त्यातल्या एक होत्या आमच्या सीए.

त्या पन्नाशीच्या, जवळपास सुरुवातीपासूनच्या मेंबर. प्लंबरचा नंबर देताना त्यांनी पत्ता विचारला आणि कळलं की दोघी एकाच सोसायटीत राहतात, ही ए विंगला, त्या बी विंगला. सोसायटीची मुख्य लिफ्ट बंद असायची तेव्हा दोघी एकाच लिफ्टने गेलेल्या होत्या. एकमेकींना नमस्कारही केलेला. को-वर्किंगमध्येही एकमेकींना पाहिलेलं, पण लिफ्टमधला चेहरा आणि पॅन्ट्रीतला चेहरा एकच आहे हे दोघींच्या लक्षात आलं नव्हतं. हे ऐकायला विचित्र वाटतं, पण मी हे एकदा नाही, बऱ्याचदा पाहिलं आहे. माणूस आपण त्याला जिथे पाहतो त्या जागेसकट लक्षात राहतो.

जुलैत पावसाने जोर धरला तेव्हा सीए म्हणाल्या, "अगं, स्कूटी कशाला काढतेस? मी एकटीच असते गाडीत. सकाळी साडेदहाला निघते, चालेल ना?" शिफ्ट आठला संपते ही अडचण होती. त्याचाही मार्ग निघाला, कारण रिटर्न भरायची शेवटची तारीख जवळ होती आणि त्या तशाही साडेआठपर्यंत बसत होत्या. रामवाडीच्या पुलावरून घरी पोचायला वीस मिनिटं. हिशेब करून पाहा: जाऊन-येऊन दिवसाला चाळीस मिनिटं, पाच दिवसांचे तीन तास वीस मिनिटं. त्यात जेवणाचा रोजचा अर्धा तास घातला की आठवड्याला पावणेसहा तासांच्या थोडं वर. हॉल यांचे पन्नास तास या गतीने नऊ आठवड्यांत भरतात. फक्त जेवणावर अवलंबून राहिलं तर वीस आठवडे लागतात. बाटली भरतानाच्या रोजच्या अर्ध्या मिनिटावर मोजायला गेलं तर वर्षानुवर्षं. मोटारीतल्या वेळेला आणखी एक गुण आहे: दोघांची नजर रस्त्यावर असते, गप्प बसलं तरी अवघड वाटत नाही, आणि अवघड विषय काढणं सोपं जातं. बदलीच्या गावी मूल होऊ द्यायचं की नाही, सासूबाईंना इथे आणायचं की नाही, हे तिने पहिल्यांदा कुणाशी बोललं ते त्या गाडीत.

ऑगस्टमध्ये गंगापूर धरणातून पाणी सोडलं आणि गोदावरी चढली. अशा दिवशी अख्खं नाशिक एकच प्रश्न विचारतं, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी आलं? आपापल्या पुलांची आणि रस्त्यांची चौकशी करत पॅन्ट्रीत सगळे एकाच वेळी उभे होते. नदीपलीकडे राहणाऱ्यांची यादी त्या दिवशी आपोआप तयार झाली. आमच्या खालच्या मजल्यावरचे एक आर्किटेक्ट आणि वरच्या बॅचमधली एक मुलगी, दोघंही मखमलाबादच्या बाजूचे निघाले. चौघं त्या संध्याकाळी लवकर आणि एकत्र निघाले. पुढच्या रविवारी सकाळी त्याच चौघांनी मखमलाबाद रोडला मिसळ खाल्ली, सोबत आमच्या मेंबरचा नवरा. तोही कारखान्याबाहेर कुणाला ओळखत नव्हता, हे आम्हाला तेव्हा कळलं.

सगळं असं सरळ झालं असं नाही. जून-जुलैत दोन गोष्टींनी हे जवळपास मोडलं होतं.

पहिली गोष्ट आडनावाची. जेवताना एका मेंबरने तिला विचारलं, "मूळ कुठले तुम्ही?" ती म्हणाली नांदेड. "नांदेडचे म्हणजे कोण? आडनाव काय?" तिने सांगितलं. मग "म्हणजे तुम्ही..." आणि वाक्य अर्धवट, डब्याकडे एक नजर. टेबलावर कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी ती डबा घेऊन पुन्हा आपल्या टेबलावर जाऊन बसली, आणि आठवडाभर तिथेच जेवली. गावाची चौकशी आपल्याकडे मायेनेही होते आणि जात काढण्यासाठीही होते. फरक दुसऱ्या प्रश्नात दिसतो. मायेने विचारणारा पुढे गावाबद्दल विचारतो, तिथलं काय प्रसिद्ध, घरी कोण असतं, येणं-जाणं होतं का. जात शोधणारा लगेच आडनावावर येतो. मी त्या मेंबरशी बाजूला घेऊन बोलले आणि स्पष्ट सांगितलं की या टेबलावर हा प्रश्न चालणार नाही. त्यांना राग आला, ते मान्य आहे मला. तिला परत टेबलावर आणलं ते माझ्या बोलण्याने नाही. निफाडच्या धाकट्या भावाने तिच्या टेबलापाशी खुर्ची ओढली, आपला डबा तिथेच उघडला आणि तिच्या डब्यातली चटणी मागून घेतली. दोन दिवसांनी सीएही तिथेच येऊन बसल्या. मग चौथ्याला खुर्ची पुरेना म्हणून सगळे परत मोठ्या टेबलावर आले.

दुसरी गोष्ट विक्रीची. विम्याचं काम करणारे एक नवे मेंबर जेवणाच्या टेबलावर रोज कुणाकडे ना कुणाकडे ओळखी मागू लागले. "तुमच्या कंपनीत एचआरला कोण आहे?" वगैरे. पंधरा दिवसांत टेबल अर्धं रिकामं झालं, लोक बाहेर जेवायला जाऊ लागले. हे ओळखायला कुणाची तक्रार यायची वाट पाहावी लागत नाही, टेबलावर मोकळ्या खुर्च्या दिसतात. धंदा करायला कुणाची ना नाही, आम्ही सगळे त्यासाठीच इथे आहोत. पण जेवणाची वेळ त्यासाठी नाही. शेवटी आठवड्यातली एक संध्याकाळ ठरवून दिली, ज्याला जे विकायचं आहे ते तिथे मांडावं. विमावाल्यांना तिथे दोन ग्राहक मिळाले आणि जेवणाच्या टेबलावर ते क्रिकेटवर बोलू लागले. तेव्हा कळलं की ते नाशिकला शाळेच्या मुलांना अंपायरिंग शिकवतात.

या सगळ्याला मर्यादा आहेत आणि त्या ऑक्टोबरनंतर दिसल्या. इन्क्युबेशनची बॅच ठरावीक महिन्यांची असते, डेमो डे, म्हणजे शेवटचं सादरीकरण, झाला की टीम विखुरतात. निफाडचे भाऊ छाटणीच्या हंगामात गावी गेले ते तिथलेच झाले, आता पिंपळगावला एका गोडाउनच्या वर त्यांचं ऑफिस आहे. त्यांच्याशी तिचा संबंध टिकला, कारण ती त्यांचं टेस्टिंग पैसे घेऊन करते आणि द्राक्षाच्या हंगामात घरी पेटी येते. वरच्या बॅचमधली ती मखमलाबादची मुलगी बंगळुरूला गेली आणि तो धागा सुटला. टेबलावर ज्यांच्याशी फक्त हसणं-खिदळणं होतं त्यातले बहुतेकजण मेंबरशिप संपली तसे गेले. टिकलं ते दोन प्रकारचं: ज्यात काही काम अडकलेलं होतं, आणि जे या इमारतीबाहेर गेलेलं होतं, म्हणजे घरापर्यंत. सीएंची मैत्री दुसऱ्या प्रकारची. मार्चमध्ये त्यांना हिशेबांच्या गर्दीत तीन आठवडे गाडी लवकर काढता आली नाही, तरी त्यांच्या घरची चावी आमच्या मेंबरकडे होती, आणि अजूनही आहे.

हेही सांगायला हवं की प्रत्येकाला हे हवं असतंच असं नाही. आमच्याकडचे वकील तीन वर्षं त्याच कोपऱ्यात बसतात, मान हलवून नमस्कार करतात, आणि त्यांना तेवढंच बरं वाटतं. त्यांना बोळाच्या तोंडाशी बसवायचा विचारही मी करणार नाही.

आता नव्या मेंबरला जागा दाखवताना मी भाड्याआधी तीन गोष्टी विचारते: घर कुठल्या बाजूला, जेवणाची वेळ काय, आणि बोलायला माणसं हवीत की शांतता. पहिल्या उत्तरावरून त्याच बाजूच्या दोघांजवळचं टेबल देते, दुसऱ्यावरून जेवणाच्या वेळेचा घोळ आधीच दिसतो. तिसऱ्याचं उत्तर बरेचजण पहिल्या दिवशी खरं देत नाहीत, म्हणून ते महिन्याने पुन्हा विचारते.